राजीनाम्यावरची कोरी तारीख

आधी मी भिलाईत होते आणि नवरा नागपुरात. आता नवरा भिलाईत आहे आणि मी नागपुरात. ऐकणारे हसतात, "वा, मस्त अदलाबदल केली" म्हणतात. मला हसू येत नाही. हे कसं झालं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरच्याला वाटतं, बाई भांडायलाच आली आहे. माझं डोकं लवकर तापतं हे खरं. पण त्या वर्षी जिथं तापायला हवं होतं नेमकं तिथंच ते थंड राहिलं.

भिलाईच्या औद्योगिक भागात एका खासगी वर्कशॉपमध्ये मी चौदा वर्षं क्वालिटी बघत होते. मोठ्या कारखान्यांना लागणारे शाफ्ट, रोलर, वेल्डिंग केलेल्या फ्रेम असा माल आमच्याकडे तयार व्हायचा. तो मोजायचा, वेल्डिंगच्या पोटात भेग राहिली नाही ना ते अल्ट्रासोनिक मशीननं तपासायचं, रिपोर्ट लिहायचा आणि खाली सही करायची, हे माझं काम. त्या तपासणीचं प्रमाणपत्र अख्ख्या वर्कशॉपमध्ये माझ्या एकटीकडे होतं. एकदा पन्नास फ्रेमचा लॉट मी परत पाठवला तेव्हा वेल्डरांनी माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, नका बोलू. भेग तर बोलते ना!

एक गोष्ट मात्र मी चौदा वर्षं डोळ्यांवर कातडं ओढून करत आले. आमच्या रिपोर्टवर तारखेची जागा कोरी असायची. माल आज तपासला तरी माल घेणाऱ्या पार्टीचा इन्स्पेक्टर कधी चार दिवसांनी येणार, कधी पंधरा. तो आला की त्या दिवसाची तारीख पडायची, म्हणजे कागदोपत्री त्याची आणि माझी तपासणी एकाच दिवशी झालेली दिसायची. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली होती. मालक म्हणाले, सगळीकडे असंच चालतं, सही तुमची आहे, तपासणी खरी आहे, तारखेचं एवढं काय घेऊन बसलात. मीही म्हटलं, खरंच की. मग हातालाच सवय लागली. नाव लिहायचं, हुद्दा लिहायचा, सही करायची, तारीख सोडायची.

घरी वैशाली नगरात मी आणि सासूबाई, दोघीच. नवरा मालगाडीवर गार्ड. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण सासूबाईंच्या तोंडी गार्डच. चार वर्षांपूर्वी त्याची बदली नागपूरकडे झाली आणि तेव्हापासून आमचा संसार फोनवर. आम्ही दोघं दुर्गला पॉलिटेक्निकमध्ये एका वर्गात होतो, म्हणून आमच्यात अहो-जाहो नाही. सासूबाईंना ते अजून खुपतं. तो ड्यूटीवर निघताना फोन करायचा, उतरल्यावर फोन करायचा, आणि मी दोन्ही वेळेला तोच प्रश्न विचारायची, खाल्लं का? तो कधी खरं सांगायचा, कधी नाही. शुगरची गोळी सुरू झाल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं, तेही त्याची बॅग रिकामी करताना. मी त्या दिवशी इतकी बोलले की शेजारीण डोकावून गेली. बोलून झाल्यावर मोरीत जाऊन रडले. आम्हाला एका घरात राहायचं होतं, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

म्हणून मी नागपूरच्या बाजूला नोकरी शोधायला लागले. सिविक सेंटरला वरच्या मजल्यावर एका बाईंचं छोटं ऑफिस आहे, माणसं आणि नोकऱ्या यांची गाठ घालून देतात. दुर्गच्या मराठी बाई, बोलायला रोखठोक. त्यांनी बुटीबोरीच्या एका कंपनीत माझं जमवून दिलं. दोन मुलाखती झाल्या, ऑफर लेटर आलं, डिसेंबरच्या मध्यावर रुजू व्हायचं ठरलं. नवऱ्यानं नागपुरात वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर बघितलं, बयाणा दिला आणि खिडक्यांची मापं घेऊन पडद्यांचे रॉडसुद्धा आणले. त्याला मापं घेता येत नाहीत. एक रॉड चांगला वीतभर लांब निघाला. मी म्हटलं, राहू दे, मी आले की कापू.

नोव्हेंबरात दिवाळीनंतरच्या सोमवारी मी राजीनामा टाइप केला. "कंपनीच्या नियमाप्रमाणे नोटीसचा काळ पूर्ण झाल्यावर मला सेवामुक्त करावे." चार ओळी. खाली नाव, हुद्दा क्वालिटी इंजिनिअर, सही. आणि तारीख सोडली. आज द्यावं की उद्या, एवढाच विचार मनात होता. देईन त्या दिवशी मालक घेतील, तारीख टाकतील, झालं. इलेक्ट्रोडचा एक खोका स्टोअरमधून घेतला तरी पावती मागणारी बाई मी, आणि स्वतःच्या राजीनाम्याची पोच घेतली नाही की त्याचा फोटो काढला नाही.

मालकांनी कागद वाचला, घडी घातली आणि समोरच्या पारदर्शक फाइलमध्ये सरकवला. म्हणाले, तारीख मी टाकतो, स्वीकारीन तेव्हा. मग चहा मागवला. चौदा वर्षांत त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा बिस्किटं मागवली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही. मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. बुटीबोरीवाले काय देतात ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी त्याच्यावर थोडी वाढ दिली. हुद्दा क्वालिटी हेड. काचेची केबिन. पुढं म्हणाले, तुमच्या मिस्टरांना भिलाईला आणायचं बघा ना, ते सरकारी माणूस, त्यांची बदली होते, तुमचं घर इथं, सासूबाई इथं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं होतं आणि मी मुकाट्यानं चढत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, आप तो घर की हो. घर का आदमी नोटीस देता है क्या?"

हे वाक्य मला लागलं. चौदा वर्षं मला कुणी घरचं म्हटलं नव्हतं. वेल्डर मागे काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी सिविक सेंटरच्या बाईंकडे गेले. जायचं की थांबायचं ते दोन दिवसांत कळवते म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही, फक्त कंटाळा दिसला. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग विचारलं, तुम्ही निघाल्या कशासाठी? मी म्हटलं, नवऱ्यासोबत राहायला. त्या म्हणाल्या, मग या वाढीनं त्यातलं काय झालं? मी म्हटलं, तो इकडे बदली मागू शकतो. त्यांनी समोरची वही मिटली.

"ताई, मी खूप जणांना थांबताना पाह्यलं. तुम्ही जाणार आहात हे मालकाला एकदा समजलं ना, मग तुम्ही त्याच्या लेखी गेल्याच असता. तो फक्त त्याच्या सोयीनं पाठवतो. थांबलेले लोकं वर्ष व्हायच्या आत मले फोन करतात. आणि तेव्हा आवाज बारीक असतो."

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला तुमचं कमिशन बुडायची भीती वाटते. त्या म्हणाल्या, ते तर बुडणारच, पण मी खोटं बोलून राहिली काय? त्यांनी एवढंच आणखी सांगितलं की थांबायचंच असेल तर राजीनामा मागे घेतल्याचं लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या, आणि मूळ कागद परत आणा. जिना उतरताना मी ठरवून टाकलं होतं की ही बाई मत्सरी आहे.

नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. मागे कुठल्या तरी यार्डातली घोषणा ऐकू येत होती. मग म्हणाला, "तुले काय वाटते ते कर. पण मग मी तिकडं येतो. दोघांपैकी कोणाले तरी हलाच लागन ना."

मी बुटीबोरीला मेल टाकला, घरगुती कारणामुळे रुजू होऊ शकत नाही. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार. नवऱ्यानं नागपूरचं घर सोडलं. बयाणा गेला. पडद्यांचे रॉड त्यानं मात्र ठेवून घेतले.

नव्या पगाराचं आणि हुद्द्याचं पत्र मला मिळालं. त्यात नोटीसचा काळ एक महिन्याचा तीन महिने झाला होता. हेड म्हणजे तेवढा असतोच, असं ऑफिसातले म्हणाले. मी मालकांना म्हटलं, सर, माझा तो जुना कागद द्या. राजीनामा मागे घेतल्याचं पत्रही लिहून देते. ते हसले, हात हलवला. "अरे, फाड दिया समझो."

समझो! रिपोर्टमध्ये मी "समझो" चालवून घेतलं असतं का? मायक्रोमीटरचा आकडा अर्धा केस चुकला तर मी माणसाला परत पाठवायची. पण त्या दिवशी नवं पत्र हातात होतं, केबिनला माझं नाव लागणार होतं, आणि मी समजून घेतलं.

जानेवारीत एक नवी इंजिनिअर आली. तिशीतली, विशाखापट्टणमहून परतलेली, शांत, हसरी. अल्ट्रासोनिकचं शिक्षण झालेलं, फक्त परीक्षा द्यायची बाकी. मालक म्हणाले, हेडला हाताखाली माणूस नको का? मलाही ते पटलं. ती मला दीदी म्हणायची. तिला मी मन लावून शिकवलं, कारण तिची चूक पकडली की ती दुसऱ्यांदा करायची नाही, आणि अशी माणसं मला आवडतात. फेब्रुवारीत मालकांनी सांगितलं की एप्रिल-मेमध्ये बाहेरच्या राज्यातली एक मोठी पार्टी ऑडिटला येणार आहे, पसंती मिळाली तर दहा वर्षांचं काम. त्यासाठी सगळं लेखी हवं. कोणता माल कसा तपासायचा, कुठल्या वेल्डिंगला कोणती सेटिंग, कोणता वेल्डर कुठं घाई करतो, जे जे माझ्या डोक्यात होतं ते कागदावर काढायला लावलं. मी काढलं. दोन जाड फायली झाल्या. आणि त्या पार्टीला पाठवायच्या तक्त्यात क्वालिटीच्या चौकटीत माझं नाव होतं, माझ्या प्रमाणपत्राच्या नंबरासकट. मला अभिमान वाटला, आता बोला!

त्याच सुमारास सोमवारच्या मीटिंगला मला बोलावणं बंद झालं. पहिल्यांदा वाटलं, विसरले असतील. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, तुम्ही फायलींचं बघा, तेच जास्त महत्त्वाचं. पार्टीचे मेल थेट नव्या इंजिनिअरला जायला लागले. उपकरणांच्या कपाटाची दुसरी किल्ली तिच्यासाठी बनवली. एप्रिलची वाढ सगळ्यांना मिळाली, मला नाही. अकाउंट्सच्या माणसानं सहज सांगितलं की तुमची नोव्हेंबरातच दिली ना, ती हीच होती. म्हणजे नोव्हेंबरात मला दिलेला पैसा हा माझाच एप्रिलचा पैसा होता, पाच महिने आधी. पण मी मूग गिळून बसले, कारण कुणाला सांगायचं? थांबले मीच होते.

नवऱ्यानं त्याआधी मार्चमध्येच म्युच्युअल शोधलं होतं. म्हणजे भिलाईच्या यार्डातल्या एका गार्डाला नागपूरकडे जायचं होतं, दोघांनी जागा बदलायच्या. यात एक मेख असते. एकदा दोघांनी सही करून अर्ज दिला की माघार नाही, आणि दोघांपैकी ज्याची सिनियॉरिटी कमी ती जास्तवाल्यालाही लागते. त्या दोघांत जास्तवाला माझा नवराच. त्याची चार-पाच वर्षांची पुढची रांग जाणार होती.

पाडवा त्या वर्षी मार्चअखेरीला आला, मी रजा घेतली होती. सासूबाईंनी गच्चीवर गुढी उभारली आणि मी पुरण वाटत होते तेव्हा त्याचा फोन आला. तो म्हणाला, समोरचा सही करून बसला आहे, आता माझी बाकी आहे. अजून एकदा सांग, तुझं तिकडं पक्कं आहे ना?

माझ्या डोळ्यांपुढं सोमवारच्या मीटिंगची ती बंद दारं आली. कपाटाची दुसरी किल्ली आली. एक क्षण वाटलं, त्याला सांगावं की थांब, इथं काहीतरी पाणी मुरतंय. पण मग सिविक सेंटरच्या त्या बाईंचं बरोबर ठरलं असतं. मी हट्टी आहे. मी चुकले हे मान्य करण्यापेक्षा मी पन्नास फ्रेम परत वेल्ड करून घेईन.

"पक्कं आहे," मी म्हटलं. "तू ये."

त्यानं सही केली. संध्याकाळी सासूबाईंनी शेजारी श्रीखंड वाटलं.

मे महिन्याच्या अखेरीला ऑडिट झालं. तीन दिवस मी पहिल्या पाळीत येऊन दिवेलागणीला घरी जात होते. पार्टीच्या माणसांनी कोणताही प्रश्न विचारला की मी उत्तर द्यायची आणि नवी इंजिनिअर शेजारी उभी राहून टिपून घ्यायची. तिची परीक्षा मे महिन्यातच झाली होती आणि ती पास झाली होती. ऑडिट पास झालं. मालकांनी पेढे वाटले, मला दोन दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डबा खात बसलो होतो. ती पोळीचा तुकडा हातात धरून सहज म्हणाली, "दीदी, आप जून तक हो ना? कैलिब्रेशन वाला रजिस्टर तब तक समझा देना."

मी विचारलं, जून तक म्हणजे? तिचा चेहरा उतरला. तिला वाटत होतं मला माहीत आहे. तिला जानेवारीत रुजू करून घेतानाच सांगितलं होतं की दीदी घरच्या कारणानं जाणार आहेत, त्यांनी राजीनामा दिलेला आहे, फक्त ऑडिटपर्यंत थांबल्या आहेत. तिचा काही दोष नव्हता. ती बिचारी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिली आणि मी तिला म्हणत राहिले, तू जेव.

मी तडक मालकांच्या केबिनमध्ये गेले. काय चाललं आहे, असं विचारलं. ते म्हणाले, काहीच नाही, लोक बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका. त्यांच्या मागच्या कपाटाचं दार उघडं होतं आणि त्यात ती पारदर्शक फाइल होती. एका कडेला घडी पडलेला कागद मला दिसला. घडी मी ओळखली. आतून टाइपाच्या चार ओळी पुसट दिसत होत्या.

मी म्हटलं, सर, तो माझा कागद आहे, द्या इकडे. त्यांनी मागे वळून पाहिलं, कपाट शांतपणे बंद केलं आणि म्हणाले की ऑडिटचे जुने कागद आहेत. मी भांडले. आवाज चढला, बाहेरचे लोक उठून बघायला लागले. माझ्या भांडणाची सगळ्यांना इतकी सवय होती की कुणी आत आलं नाही. मी तेव्हा घरी जाऊन मेल टाकायला हवा होता, की मी राजीनामा दिलेला नाही, दिलेला मागे घेतला आहे. तेही केलं नाही. सासूबाईंना ताप होता, नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आली होती, सामान येणार होतं. उद्या टाकू, उद्या टाकू म्हणत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी गेटवर कार्ड लावताना श्वास धरायची. कार्ड लागलं की सोडायची.

जूनच्या शेवटी एका सकाळी कार्ड लागलं, पण केबिनच्या टेबलावर लिफाफा होता. आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे, नोटीसचे तीन महिने पूर्ण झालेले असून आज कामाच्या वेळेनंतर आपण सेवामुक्त आहात, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सोबत राजीनाम्याची रंगीत प्रत. माझ्या चार ओळी, माझी सही. आणि तारखेच्या कोऱ्या जागेत निळ्या शाईत, सुबक अक्षरात, पाडव्याची तारीख.

मी मालकांना विचारलं, ही तारीख कुणी टाकली? त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, सही आपकी है ना?"

चौदा वर्षांपूर्वी मी कुरकुर केली तेव्हाही हेच म्हणाले होते.

मी एका वकिलाला भेटले. तो म्हणाला, लढता येईल. कोरी जागा दुसऱ्यानं भरली हे सिद्ध करावं लागेल, वर्षं लागतील, आणि तोवर अनुभवाचं पत्र मिळणार नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीला फोन करतेच, तेव्हा ते काय सांगतील याचा विचार करा. मी विचार केला आणि अनुभवाचं पत्र घेतलं. सिविक सेंटरच्या बाईंना फोन केला, तेव्हा माझा आवाज बारीक होता. त्या काही टोचून बोलल्या नाहीत. मी उगाच तयारी करून बसले होते. बुटीबोरीची ती जागा भरलेली होती. त्यांनी खालच्या हुद्द्याची एक दुसरी शोधून दिली, नागपूरच्याच बाजूची. भिलाई-दुर्गमध्ये कुणी घेतलं नाही. भांडखोर बाई, नोटीस देऊन गेली, असं माझ्या आधी पोचलं होतं.

पण ते नंतरचं. लिफाफा मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवरा आला.

दुर्गहून टेम्पोत सामान घालून आला, घामानं चिंब. चार वर्षांत एवढा खूश मी त्याला पाहिला नव्हता. आल्या आल्या आधी त्यानं पडद्यांचे ते रॉड काढले. म्हणाला, इथल्या खिडकीले बसतात का पाहू, नाहीतर कापू. सासूबाई आतून त्याच्यासाठी पन्हं करून घेऊन आल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. त्याला बसू दिलं. पन्हं पिऊ दिलं. मग सासूबाई आत गेल्यावर मी लिफाफा त्याच्या पुढं ठेवला.

त्यानं वाचलं. वरचं पत्र एकदा, राजीनामा दोनदा. गार्ड माणूस, त्याची नजर तारखेवर जाते. त्याच्या डायरीत प्रत्येक स्टेशनची वेळ मिनिटासकट लिहिलेली असते.

"पाडवा," तो म्हणाला. "पाडव्याले तू मले म्हणाली, पक्कं आहे, ये. आणि त्याच दिवशी तू राजीनामा दिला होता?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग नव्हता. राग असता तर मला चाललं असतं, मला रागाशी बोलता येतं. तिथं तो फक्त मला पुन्हा पहिल्यापासून तपासून बघत होता.

मी सगळं सांगितलं, नोव्हेंबरपासून. त्याला कागदावरचा हुद्दा दाखवला. हे बघ, इथं क्वालिटी इंजिनिअर लिहिलं आहे. पाडव्याला मी हेड होते. पाडव्याला मी रजेवर होते, पुरण वाटत होते, आईंना विचार. हा कागद नोव्हेंबरचा आहे, फक्त तारीख टाकायची राहिली होती. तो ऐकत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरची ती तपासणी संपली. त्यानं विश्वास ठेवला. मला माहीत आहे, त्यानं खरंच विश्वास ठेवला.

त्यानं कागद घडीवर घडी घालून लिफाफ्यात ठेवला. सिनियॉरिटी गेली होती, नागपूरची जागा गेली होती, सामान ओसरीत पडलं होतं. रॉड हातात घेऊन तो खिडकीपाशी गेला, एक टोक लावून बघितलं. मग पाठमोराच, अगदी साध्या आवाजात, त्यानं एवढंच विचारलं.

"पण तारीख कोरी कावून सोडली होती?"